टेस्टरकाकांची परवानगी

आमच्या इमारतीतल्या टेस्टरकाकांचं खरं नाव खालच्या पत्रपेटीवर लिहिलेलं आहे, पण पोस्टमन सोडला तर ते कुणी वाचत नाही. इतर माणसं शर्टाच्या खिशाला पेन लावतात, काका टेस्टर लावतात. वीज खात्यात पस्तीस वर्षं वायरमनकी केली, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण तो खिसा काही निवृत्त झाला नाही. कुणाच्याही घरी गेले की "कसे आहात?" विचारायच्या आधी त्यांची नजर स्विचबोर्डावर जाते, आणि बोर्ड वाकडा दिसला तर "कसे आहात?" राहूनच जातं.

इमारत उभी राहत होती तेव्हा आठही घरांचं वायरिंग काकांनी केलं. सुट्ट्या घालवून, रविवार मोडून, स्वतःच्या हातानं. त्यातली दोन घरं त्यांची. पहिल्या मजल्यावर ते आणि काकू राहतात, बरोबर वरचं भाड्यानं देतात. मी त्यांच्या समोरच्या दारात राहते आणि काकूंची नि माझी दुपारच्या चहाची मैत्री आहे, म्हणून हे सगळं मला थेट काकूंकडून कळलं. काही तर डोळ्यांदेखत घडलं.

भाडेकरू निवडताना काका नोकरी, गाव, नातेवाईक असलं काही विचारत नाहीत. "एका सॉकेटला किती पिना लावता?" एवढंच विचारतात. या परीक्षेत तीन वर्षांपूर्वी पास झालेली मुलगी म्हणजे लॅबवाली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. एकटी, शांत, भाडं वेळेवर. तिच्याबद्दल काकांची एकही तक्रार नव्हती, आणि काकांची तक्रार नसणं ही आमच्याकडे बातमी असते.

यंदा तिचे वडील तिच्याकडे राहायला आले. भूगोलाचे शिक्षक होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायला लागले. काचबिंदूनं त्यांची बाजूची नजर गेली होती. समोरचं दिसायचं, पण नळीतून बघितल्यासारखं, आणि उजेड कमी झाला की तेही नाही. मुलगी दिवसभर कामावर. मास्तर भिंतीला हात लावून घरभर फिरायचे. एकदा त्यांच्याकडून बेसिनचा नळ उघडा राहिला आणि पाणी थेट काकूंच्या ओट्यावर टपटपलं. काकूंनी पातेलं लावलं आणि वर जाऊन नळ बंद केला.

त्यानंतर आठवड्याभरात पत्र आलं. टाइप केलेलं, चार पानी, कोपऱ्यात स्टेपल मारलेलं. विषय : भाड्याच्या घरात स्मार्ट स्विच व सेन्सर बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.

काकांनी विषय वाचला आणि चष्मा काढला.

"स्मार्ट स्विच? म्हणजे मी बसवलेले काय मठ्ठ आहेत?"

"पुढचं तर वाचा," काकू म्हणाल्या.

पुढे सगळं लॅबच्या रिपोर्टसारखं नेटकं होतं. पॅसेज, बाथरूम आणि बेडरूमच्या बोर्डात, आहे त्या बटणांच्या मागे, काडेपेटीहून लहान अशी एकेक डबी बसवायची. बटणं तीच राहतील, हातानंही चालतील, इंटरनेट बंद पडलं तरी चालतील. पॅसेजमध्ये हालचाल ओळखणारे दोन सेन्सर, सेलवर चालणारे, चिकटपट्टीनं लावायचे, भिंतीला एकही भोक नाही. माणूस आला की दिवा लागेल. बाहेरच्या दाराला एक चुंबक, दार उघडं राहिलं तर तिच्या मोबाइलवर सूचना. आणि बेसिनखाली पाण्याचा सेन्सर : फरशीवर पाणी आलं की तो ओरडेल आणि मोबाइललाही कळवेल. गिझरला हात लावायचा नाही, कारण या डब्या एवढ्या भाराच्या नसतात. कॅमेरा नाही, मायक्रोफोन नाही. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, खर्च तिचा. घर सोडताना सगळं काढून पूर्वीसारखं करून देईन.

इथवर काकांचा पारा जेमतेम चढला होता. 'गिझरला हात लावायचा नाही' या ओळीला तर त्यांनी मान डोलावली होती. पण शेवटी ताजा कलम होता :

"बेडरूममधला दिवा बंद केल्यावरही मंद पेटलेला राहतो. दोनदा बल्ब बदलून पाहिला. इलेक्ट्रिशियन येतीलच, तर तेवढं वायरिंग बघून घ्यावं का?"

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझं वायरिंग? बघून घ्यावं? अगं, माझ्या वायरिंगमधला दिवा बंद केला की बंद होतो! हल्लीचे बल्बच रद्दी, त्याला मी काय करू?"

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लाल शाईनं खुलासे मागवले. सेन्सरला माणूस आणि मांजर यातला फरक कळतो का? घरात कुणी नसताना दिवे आपणहून लागले तर बिलाची जबाबदारी कुणाची? माझ्या भाडेकरूच्या घरातलं बटण परगावाहून कुणी दाबू शकत असेल, तर तो माणूस कोण? बल्ब कुठल्या दुकानातून घेतला?

काकू पान घेऊन वर गेल्या. संध्याकाळी उत्तर आलं. सेन्सर अंगाची ऊब हलली की ओळखतो, त्यामुळे मांजर गेलं तरी दिवा लागू शकेल, पण आमच्याकडे मांजर नाही. बिल माझंच येतं. बटण मोबाइलवरून फक्त मी दाबू शकेन, खात्याला पासवर्ड आहे, आणि घर सोडताना सगळं पुसून देईन. बल्बची पावती सोबत जोडली आहे.

पावती खरंच जोडलेली होती. काकांनी ती उजेडात धरून बघितली, जणू खोटी नोट असावी.

मग आठवडाभर एक पान वर, एक पान खाली. बटणामागच्या डबीला चालू राहायला कायम वीज लागते, मग तिला न्यूट्रल, म्हणजे फेजनं आलेली वीज परत नेणारी वायर, कुठून देणार, असा काकांचा सवाल. तो मात्र अस्सल होता. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, की ते बोर्ड उघडल्यावरच कळेल. 'माझ्या बोर्डात काय आहे ते मला न उघडता माहीत आहे,' असं काकांनी उलट लिहिलं आणि पान काकूंच्या पुढे धरलं.

काकूंनी ते घेतलं नाही.

"माझ्या गुडघ्यांनी आठवड्यात सहा फेऱ्या मारल्या. अहो, ती मुलगी तुमच्या डोक्यावर राहते, परदेशात नाही. जा आणि बोलून या."

"मी घरमालक आहे. असा कसा जाऊ?"

"जिन्यानं."

रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून वर गेले. दार उघडंच होतं. लॅबवाली गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. काकांनी हाक मारली, आतून "या, या" असा आवाज आला, म्हणून ते पॅसेजमध्ये शिरले. त्या पॅसेजला खिडकी नाही. बटण आहे, पण पार दुसऱ्या टोकाला, बाथरूमच्या दाराशी. समोरून मास्तर भिंत चाचपत येत होते. त्यांचा हात सरकत सरकत आला आणि काकांच्या नाकावर थांबला.

"हे काय, इथे बटण कधी आलं?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी ते दाबून पाहिलं.

काका ओरडले. मास्तर त्याहून मोठ्यानं ओरडले. मग एकमेकांची ओळख पटली, माफ्या झाल्या, आणि मास्तर हुश्श करून म्हणाले, "काय सांगू तुम्हाला, दिवा लावायला अख्खा अंधार पार करून जायचं आणि दिवा लागेपर्यंत आपण पोचलेलो असतो. ज्या शहाण्यानं बटण त्या टोकाला बसवलं ना, तो एकदा मला भेटायला हवा."

"भेटलाय," काका नाक चोळत म्हणाले.

मास्तरांना आधी कळलं नाही. कळल्यावर त्यांनी जीभ चावली. काका मात्र चिडले नाहीत. ते पॅसेजच्या या टोकाला उभे राहिले, डोळे मिटले आणि भिंतीला हात लावून चालायला लागले. सात पावलं. चौथ्या पावलाला चपलांच्या कपाटावर गुडघा आपटला. लॅबवाली रिकामी बादली घेऊन खाली आली, तेव्हा घरमालक डोळे मिटून तिच्या बाथरूमच्या दाराला धडकत होते आणि वडील त्यांना मार्गदर्शन करत होते, "थोडं डावीकडे, डावीकडे!"

"काका?" ती घाबरून म्हणाली.

"बोलव तुझ्या इलेक्ट्रिशियनला," काका डोळे न उघडता म्हणाले. "बोर्ड माझ्यासमोर उघडायचा. मग लेखी परवानगी देतो."

पुढच्या रविवारी इलेक्ट्रिशियन आली. बाई होती, चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, हातात भरगच्च पिशवी. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण तिनं आधी स्वतःचं मीटर चालत्या सॉकेटवर तपासलं, मग मेन बंद केलं, तेच मीटर पुन्हा लावून वीज खरंच गेल्याची खात्री केली, आणि काका हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "शिकलेली आहे." मी तिथे काय करत होते? काकूंसोबत आले होते. एवढा तमाशा कोण सोडतो?

पॅसेजचा बोर्ड उघडला. बोर्डात सॉकेट असल्यामुळे न्यूट्रल हजर होता. काकांनी हाताची घडी घातली. बाथरूमच्या बाहेरचा बोर्ड उघडला. तिथेही हजर. काकांची छाती शर्टाच्या बटणांवर ताण देऊ लागली. "काका, काम एकदम स्वच्छ आहे हो," बाई म्हणाल्या. "वायरी कशा वळवल्यात बघा. हल्ली असं कुणी करत नाही."

"कुणाला वेळ आहे?" काका म्हणाले. आवाजात मध होता.

मग बेडरूमचा बोर्ड. त्यात फक्त दिवा आणि पंख्याची बटणं, सॉकेट नाही. बाईंनी बोर्ड सोडवून पुढे ओढला. आत सगळ्या वायरी काळ्या.

"इथे न्यूट्रल नसणार," त्या म्हणाल्या. "एक फेज येतो, तो बटणातून दिव्याला जातो. ओढावा लागेल नवा. फेज कुठला ते बघते." त्यांनी मेन चालू करवलं आणि बोर्डात येणाऱ्या वायरीला मीटर लावलं. मीटर गप्प. दुसऱ्यांदा लावलं. गप्प.

"काका, मी न्यूट्रल शोधतेय," त्या गोंधळून म्हणाल्या, "आणि मला फेजच सापडत नाहीये."

"वर बघा ना, दिवा लागतो की!" काकांनी बटण दाबलं. दिवा लागला. बंद केला. दिवा गेला, पण पूर्ण नाही, ताजा कलमात लिहिलं होतं तसाच मिणमिणत राहिला.

"मीटर बिघडलंय तुमचं. सरका." काका स्टुलावर चढले. बटण बंद होतं. त्यांनी बल्ब काढला, खिशातला टेस्टर काढला आणि होल्डरच्या एका पिनेला टेकवला.

टेस्टर पेटला.

बटण बंद, आणि होल्डरमध्ये वीज. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण काकांचा चेहरा कळत होता. ते स्टुलावरून एकेक पाय जपून उतरले.

"बटण न्यूट्रलवर बसलंय," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "दिव्याला फेज सरळ गेलाय. दिवा बंद होतो, पण होल्डर कायम जिवंत. म्हणूनच बल्ब मिणमिणतो."

"कुणी हात लावला?" काका एकदम कडाडले. "आधीच्या भाडेकरूनं कुणाला तरी बोलावलं असणार! कुणीतरी दीडशहाणा येऊन माझ्या वायरी उलट्या करून गेला! बघा, सगळ्या काळ्या! मी कधी फेजला काळी वायर वापरीन? फेजला लाल! पस्तीस वर्षं लाल!"

"लाल संपली होती," काकू म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"ही शेवटची खोली होती. तुम्ही त्या जॉइंटच्या डबीपाशी शिडीवर, मी इथे खाली बसून वायर ओढत होते. लाल संपली. मी म्हटलं, मी जाऊन आणते. तुम्ही म्हणालात, दुकान बंद होईल, काळीच दे, माझ्या लक्षात राहील कुठली कुठली ते. मी तेव्हाच विचारलं होतं, नक्की राहील ना?"

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, तू वायर ओढ."

लॅबवालीनं खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखं तोंड फिरवलं. मला खोकला आला. मास्तर पलंगावरून म्हणाले, "अहो, मी पंचवीस वर्षं एक नदी नकाशात भलत्याच बाजूनं काढत होतो. मुलांनी कधी सांगितलं नाही."

पण काका हसले नाहीत. ते पलंगाच्या कडेवर मास्तरांच्या शेजारी बसले आणि बोटांवर मोजायला लागले. सहा भाडेकरू. या खोलीत सहा भाडेकरू राहून गेले, सगळ्यांनी बटण बंद करून बल्ब बदलले असतील, कुणाचं बोट तिथे लागलं असतं तर? परवा लॅबवालीनं दोनदा बदलला होता. "आणि मी तुला पावती मागितली," ते तिला म्हणाले. घरमालक म्हणून ते पहिल्यांदाच तिच्याशी खालमानेनं बोलत होते. ती घाईघाईनं म्हणाली, "नाही काका, पावती होतीच माझ्याकडे," आणि मग स्वतःच्याच उत्तरानं ओशाळली.

काकूंनी चहा टाकला.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. पाइप भिंतीच्या आत कुठे वळतो हे फक्त काकांना ठाऊक होतं. बाईंची वायर ओढायची लवचीक पट्टी मध्येच अडली, तेव्हा काकांनी भिंतीवर तळहात ठेवून सांगितलं, "चौकटीच्या वर एक वीत. इथे वळण आहे. थोडी मागे घ्या, पिळा, आता ढकला." पट्टी सुळकन बाहेर आली. बाईंनी मान वाकवून दाद दिली. काळ्या वायरी बाहेर आल्या, फेजला लाल गेली, न्यूट्रलला नवी काळी, सगळं बोर्डापर्यंत. मेन चालू करून बाईंनी बटण बंद असताना होल्डर तपासला. मेलेला. मग बल्ब लावला, बटण दाबलं, बंद केलं. दिवा गेला. पूर्ण गेला. मास्तरांना तो गेल्याचं दिसलं नाही, पण आम्ही सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला म्हणून त्यांना कळलं.

संध्याकाळपर्यंत डब्या, सेन्सर, चुंबक सगळं बसलं. मास्तर पॅसेजच्या तोंडाशी उभे राहिले, एक पाऊल टाकलं आणि दिवा लागला. ते मागे आले. थांबले. दिवा विझायची वाट बघितली. पुन्हा गेले. असं त्यांनी अकरा वेळा केलं. मग काकांनी केलं. माणूस अगदी न हलता उभा राहिला तर तो विझतो की नाही, यावर दोघांची पैज लागली, आणि अंधार होईस्तोवर दोन म्हातारे त्या पॅसेजमध्ये श्वास रोखून उभे राहिले. दिवा विझला, कारण हलणारं काही नव्हतं. काकांना शिंक आली आणि तो लागला.

लेखी परवानगी दुसऱ्या दिवशी मिळाली. काळ्या शाईनं, कोऱ्या कागदावर काकांनी लिहिलं : काम परवानाधारक व्यक्तीकडून झाल्याचं मी पाहिलं आहे. घर सोडताना डब्या काढल्या तरी चालतील, ठेवल्या तरी चालतील, मात्र ठेवल्यास पासवर्ड पुसून द्यावा. बेडरूमच्या वायरिंगचा खर्च घरमालकाचा, कारण चूक घरमालकाची. शेवटच्या ओळीवर काकूंनी बोट ठेवून विचारलं, "हे लिहायलाच हवं होतं का?" काका म्हणाले, "नोंद पाहिजे."

पाण्याच्या सेन्सरनं पुढच्याच महिन्यात काम दाखवलं. मास्तरांकडून नळ पुन्हा राहिला, सेन्सर किंचाळला, मास्तर आवाजाच्या दिशेनं जाऊन नळापर्यंत पोचले. काकूंच्या ओट्यावर थेंबही आला नाही. पण किंचाळी ऐकताच काकूंनी पातेलं लावलं होतं.

आता राहिला शेवटचा भाग, तो आमच्या दाराशी आला. बोर्ड उघडला त्या रविवारनंतर पाचव्या दिवशी काकांनी इलेक्ट्रिशियन बाईंना स्वतःच्या खर्चानं बोलावलं आणि दोघं तळमजल्यापासून सुरू झाले. प्रत्येक दारात काका तेच वाक्य म्हणायचे, "मी तुमच्याकडे वायरिंग केलंय. एके ठिकाणी चूक निघाली. तुमच्याकडे नसेलच, पण बघू द्या." हे म्हणताना आधी त्यांचा आवाज बसायचा. तिसऱ्या दारापर्यंत तो नीट झाला. तळमजल्याच्या आजोबांनी तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आधी चहा घेतल्याशिवाय बोर्डाला हात लावू दिला नाही.

आठ घरांत आणखी चूक निघाली नाही. फक्त माझ्या स्वयंपाकघरात एक सॉकेट काळा पडलेला सापडला.

"यात मात्र माझा दोष नाही," काका म्हणाले आणि सॉकेटात अडकवलेला माझा तीन तोंडांचा प्लग उपसून माझ्यासमोर धरला. मिक्सर, किटली आणि टोस्टर, तिन्ही त्यावरच चालायचे. एवढी वर्षं मी तो त्यांच्यापासून पडद्यामागे लपवला होता. "शेजारीण आहेस म्हणून बोलत नाही. भाडेकरू असतीस तर उद्याच घर रिकामं करायला सांगितलं असतं."

"काका, सॉरी," मी म्हटलं.

"सॉरी नको," ते म्हणाले. "दुसरा सॉकेट कुठे बसवायचा ते सांग. आणि डोळे मिटून सांग. हात आपणहून कुठे जातो, तिथेच बसवू."